आकडा बरोबर, उत्तर चूक

सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांस परत दिल्यावर दोन-चार दिवस पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांस फारशी उसंत मिळत नाही. कोणाची बेरीज चुकलेली असते, कोणाचे एखादे पान तपासावयाचे राहिलेले असते, आणि अशा तक्रारींचा निकाल लावणे फारसे अवघड नसते. परंतु यंदा एक तक्रार अशी आली की तिचा निकाल दोन वाक्यांत लावता येईना. आम्ही तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थांशी तासभर बोलत बसलो, आणि ते गेल्यावर आमच्याच शिकविण्यात काय उणे होते याचाही विचार करू लागलो. तो प्रसंग व त्यातून निघालेले शास्त्र आमच्या बालवाचकांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न अगदी साधा होता. "१,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक मोटारगाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा काढा." या प्रश्नास तीन गुण होते. एक सूत्रास, एक किंमती योग्य रीतीने घालण्यास आणि एक अखेरच्या उत्तरास.

तक्रार घेऊन आलेले गृहस्थ गावात तेलाचे दुकान चालवितात. हिशेबात त्यांचा हात धरणारा मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. त्यांनी आपल्या मुलाची उत्तरपत्रिका आमच्यापुढे ठेविली व शांतपणे म्हणाले, "सर, मी हा हिशेब स्वतः दोनदा करून पाहिला. ५४ चा वर्ग २,९१६. त्यास १,२०० ने गुणिले की ३४,९९,२००. त्याचे निम्मे १७,४९,६००. माझ्या मुलाने हेच लिहिले आहे. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, शेवटी 'ज्यूल' हे एककही लिहिले आहे. मग तीनपैकी एकच गुण का?"

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर उत्तर देणे सोपे होते. पण ते पुढे म्हणाले, "आणि याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचा आकडाही १७,४९,६०० हाच आहे. त्याला मात्र तुम्ही तीनपैकी तीन दिलेत. आकडा एकच, वर्ग एकच, तपासणारे सर एकच. हा न्याय मला समजावून सांगा."

तक्रार खरी होती. दोन्ही उत्तरपत्रिकांत एकच आकडा होता, आणि एकास पूर्ण गुण व दुसऱ्यास एकच गुण आम्हीच दिला होता. इतकेच नव्हे, तर त्या दुसऱ्या मुलाच्या उत्तरावरही आम्ही प्रथम फुली मारली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. आमच्या उत्तरसूचीत १,३५,००० हा आकडा होता. तपासताना डोळे आकड्यावरच धावतात, आणि १७,४९,६०० दिसताच आमच्या हातून फुली ओढली गेली. तो मुलगा आमच्याकडे आला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, मी ज्यूल लिहिलेले नाही. एकक पाहावे." आम्ही पाहिले. त्याने लिहिले होते: १७,४९,६०० किलोग्रॅम × किलोमीटर² ÷ तास². वेळ संपत आल्यामुळे त्याने मीटर व सेकंद करण्याचे टाळले होते. परंतु जे काढले ते कशात काढले, हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेविले होते. आम्ही फुली खोडली आणि गुण दिले.

येथे आमच्या वाचकांपैकी काही म्हणतील की ही तर शब्दांची कसरत झाली. तशी ती नाही. ते विचित्र दिसणारे उत्तर खरे आहे की नाही, हे आपण एकेक पायरीने पाहू.

एक किलोमीटर म्हणजे १,००० मीटर आणि एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. म्हणून ताशी एक किलोमीटर हा वेग म्हणजे सेकंदास १,००० ÷ ३,६०० मीटर, म्हणजे सेकंदास १ ÷ ३.६ मीटर. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे ५४ ÷ ३.६ = १५ मीटर दर सेकंदास. आता गतिज ऊर्जेचे सूत्र ½mv² असे आहे. त्यात वेगाचा वर्ग येतो, म्हणजे वेग दोन वेळा गुणिला जातो. म्हणून ३.६ हा भाजकही दोन वेळा लागतो, आणि ३.६ × ३.६ = १२.९६ होतात. तेव्हा किलोमीटर व तास यांत काढलेली ऊर्जा मीटर व सेकंद यांत आणावयाची असेल तर तिला १२.९६ ने भागिले पाहिजे. १७,४९,६०० ÷ १२.९६ = १,३५,०००. बरोबर आमच्या उत्तरसूचीतला आकडा. दुसऱ्या मुलाचे उत्तर आणि उत्तरसूचीतले उत्तर ही एकाच वस्तूची दोन वर्णने होती. जसे एक डझन आणि बारा.

हे उत्तर सोयीचे नव्हे, हे आम्हीही मान्य करतो. प्रश्नात "ज्यूलमध्ये काढा" असे शब्द असते तर त्या मुलाचे काम अपुरे राहिले असते आणि त्याचे काही गुण खचित गेले असते. परंतु प्रश्नात ते शब्द नव्हते. अपुरे वा गैरसोयीचे उत्तर निराळे आणि असत्य उत्तर निराळे.

आता तेलाच्या व्यापाऱ्यांच्या मुलाकडे वळू. त्याने लिहिले होते "१७,४९,६०० ज्यूल". ज्यूल म्हणजे काय? एक न्यूटन बल लावून वस्तू बलाच्या दिशेने एक मीटर सरकविली असता जे कार्य होते ते एक ज्यूल. आणि एक न्यूटन म्हणजे एक किलोग्रॅम वस्तुमानाचा वेग दर सेकंदास सेकंदाला एक मीटर इतका वाढविणारे बल. या दोन्ही व्याख्यांत किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद यांवाचून दुसरे काही नाही. म्हणून ज्यूल हे नाव उच्चारताच आपण असे म्हणून चुकतो की माझी लांबी मीटरमध्ये होती आणि माझा काळ सेकंदांत होता. या मुलाचा वेग तर किलोमीटर व तास यांत होता. तेव्हा त्याने जो आकडा काढला तो ज्यूलचा नव्हताच. त्याच्या गुणाकारात चूक नव्हती. त्याने अखेरीस जे नाव लिहिले तेच खोटे होते.

ही चूक केवढी आहे, तेही पाहावे. आमच्या मोटारगाडीत खरोखरच १७,४९,६०० ज्यूल ऊर्जा असावयाची तर तिचा वेग किती असला पाहिजे? उलट हिशेब केला तर तो सेकंदास ५४ मीटर येतो, म्हणजे ताशी सुमारे १९४ किलोमीटर. प्रश्नातली गाडी बैलगाड्या व सायकली ओलांडीत शहरातल्या रस्त्याने जाणारी होती, आणि या उत्तराने तिला शर्यतीच्या मैदानात नेऊन सोडिले. आणखी एक कसोटी घ्यावी. या गाडीला ब्रेक लावून ४,५०० न्यूटन इतके रोधक बल लागू केले, तर ती किती अंतरावर थांबेल? ऊर्जेस बलाने भागिले की अंतर मिळते. १,३५,००० ÷ ४,५०० = ३० मीटर. रस्त्यावर जे आपण पाहतो त्याशी हे जुळते. परंतु १७,४९,६०० ज्यूल धरले तर अंतर जवळजवळ ३८९ मीटर येते. शाळेच्या फाटकासमोर मुले रस्ता ओलांडीत असताना ती गाडी ३० मीटरवर थांबणार की ३८९ मीटरवर, हा प्रश्न तीन गुणांहून मोठा आहे.

गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे मुलाने 'ज्यूल' न लिहिता नुसता आकडा लिहिला असता तर बरे झाले असते काय?"

या प्रश्नाने आम्हांस एका तिसऱ्या उत्तरपत्रिकेची आठवण झाली. त्या मुलीने वेगाचे रूपांतर बिनचूक केले होते, १५ चा वर्ग २२५ घेतला होता, आणि अखेरीस "१,३५,०००" एवढेच लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. आम्ही तिचा अर्धा गुण कापला, आणि तिलाही तो अन्याय वाटला. तिचे म्हणणे असे की रीत पाहिली म्हणजे ज्यूल हे उघडच आहे. परंतु उत्तर हे वाचणाऱ्यासाठी असते, आणि प्रत्येक वाचणारा वरची रीत पाहतोच असे नाही. तिच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळच्या पुस्तकांत ऊर्जा पुष्कळदा अर्गमध्ये मोजीत. एका ज्यूलमध्ये एक कोट अर्ग असतात. १,३५,००० अर्ग म्हणजे एका ज्यूलचा शतांश आणि वर थोडेसे, एवढीच ऊर्जा होते. एकक नसलेला आकडा या दोहोंपैकी काहीही असू शकतो. म्हणून तिचे उत्तर खोटे नव्हते, पण ते पुरे झालेले नव्हते. या कारणास्तव तिचा अर्धाच गुण गेला, आणि दुकानदारांच्या मुलाचे दोन गेले. एकाने किंमती घालताना चूक केली आणि त्याचे अखेरचे विधानही असत्य झाले. दुसरीने विधान अर्धवट सोडिले.

आमच्या या न्यायनिवाड्यावर गृहस्थांचे पूर्ण समाधान झालेले दिसेना. ते म्हणाले, "शाळेत हे सर्व ठीक आहे. पण व्यवहारात मनुष्य इतका आंधळा नसतो. हिशेब दुसऱ्यांदा केला की चूक सापडते."

तेव्हा आम्ही त्यांस त्यांच्याच दुकानातली गोष्ट विचारली. "आपल्या दुकानी येऊन एखादा नवा गिऱ्हाईक म्हणाला, 'पंधराचा डबा द्या,' तर आपण काय करता?"

ते हसले. "विचारतो, पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा? दोन्ही डबे असतात. पंधरा लिटरच्या डब्यात तेल पावणेचौदा किलोहूनही थोडे कमीच भरते. न विचारता दिला तर भांडण ठरलेले."

हिशेब अगदी बरोबर आहे. खाद्यतेलाचे एक लिटर सुमारे ९१० ग्रॅम भरते. पंधरा लिटरचे १३ किलो ६५० ग्रॅम होतात. म्हणजे पंधरा या एकाच आकड्यात जवळजवळ १,३५० ग्रॅम तेलाचा फरक लपलेला असतो, आणि तो आकड्याकडे कितीही वेळा पाहिले तरी दिसत नाही. जे आपल्या दुकानात आपण एका क्षणात ओळखता, तेच न विचारल्यामुळे एकदा एका विमानाचे काय झाले, ते ऐकावे, असे म्हणून आम्ही त्यांस पुढील हकीकत सांगितली. ती कॅनडा देशातील आहे, आणि तिची रीतसर चौकशी होऊन सर्व आकडे प्रसिद्ध झालेले आहेत.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडा कंपनीचे एक बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जावयाचे होते. त्या काळी कॅनडात पौंडांची जुनी पद्धत जाऊन किलोग्रॅमची नवी पद्धत येत होती, आणि या जातीची नवी विमाने इंधन किलोग्रॅममध्ये मोजीत. त्या दिवशी विमानातील इंधनमापक यंत्र बंद होते. म्हणून टाकीत मोजपट्टी घालून इंधन मोजावे लागले. ते ७,६८२ लिटर निघाले. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. तेव्हा आणखी किती लिटर भरावे, हा प्रश्न उभा राहिला. आमच्या नववीच्या वर्गात सहज घालता येईल असे हे उदाहरण आहे.

लिटरचे वजन करावयाचे तर एका लिटरचे वजन किती हे ठाऊक हवे. इंधन भरणाऱ्यांच्या कागदावर १.७७ हा आकडा होता. जुन्या सवयीप्रमाणे तोच घेण्यात आला. ७,६८२ × १.७७ = १३,५९७. हे किलोग्रॅम आहेत असे समजून ते २२,३०० मधून वजा केले; बाकी ८,७०३ राहिली. तिला पुन्हा १.७७ ने भागून ४,९१७ लिटर आले, आणि सुमारे तेवढे इंधन भरण्यात आले. वाचकांनी कागद घेऊन हा हिशेब पडताळून पाहावा. त्यात गणिताची एकही चूक सापडणार नाही.

चूक १.७७ या आकड्यापुढे जे लिहिलेले नव्हते त्यात होती. एका लिटर इंधनाचे वजन १.७७ पौंड होते. किलोग्रॅममध्ये ते ०.८०३ इतकेच भरते. खरा हिशेब असा व्हावयास पाहिजे होता: ७,६८२ × ०.८०३ = ६,१६९ किलोग्रॅम टाकीत आहेत. २२,३०० मधून ते वजा केले असता १६,१३१ किलोग्रॅम उणे पडतात, आणि त्यांस ०.८०३ ने भागिले की २०,०८८ लिटर होतात. वीस हजार लिटरांऐवजी पाच हजारांहूनही कमी भरले गेले, आणि लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी इंधनावर विमान निघाले.

ओटावा येथे विमान उतरले तेव्हा इंधन पुन्हा मोजण्यात आले. आमच्या गृहस्थांनी सुचविलेला उपाय, म्हणजे हिशेब दुसऱ्यांदा करणे, तेथे अक्षरशः अमलात आला. पण पुन्हा त्याच १.७७ ने गुणिले गेले, आणि पुन्हा सर्व ठीक असल्याचे दिसले. पुढे सुमारे ४१,००० फूट उंचीवर असता इंधन संपून दोन्ही इंजिने बंद पडली. विमानात ६९ माणसे होती. कप्तान पिअर्सन यांस इंजिनावाचून विमान तरंगत नेण्याचा अनुभव होता. त्यांनी व त्यांचे सहवैमानिक क्विंटल यांनी ते प्रचंड विमान तसेच तरंगत नेऊन गिम्ली या गावच्या जुन्या, सोडून दिलेल्या धावपट्टीवर उतरविले. कोणाचाही प्राण गेला नाही. परंतु हे वैमानिकांच्या कौशल्याचे फळ होते. हिशेबाने तर सर्वांस मृत्यूच्या दारी नेऊन ठेविले होते.

आता या हिशेबात प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहिले असते तर काय झाले असते, ते पाहू.

७,६८२ लिटर × १.७७ पौंड प्रति लिटर = १३,५९७ पौंड.

वरच्या लिटरने खालचा लिटर छेदला जातो, जसे बीजगणितात वरचे व खालचे सारखे अक्षर छेदले जाते, आणि बाकी पौंड राहतात. त्याच्या पुढची ओळ अशी येते:

२२,३०० किलोग्रॅम − १३,५९७ पौंड = ?

येथे लेखणी आपोआप थांबते. किलोग्रॅममधून पौंड वजा होत नाहीत, हे लहान मुलासही कळते. चूक पकडावयास विमानविद्येची गरज नव्हती. केवळ एकक शेवटी न चिकटविता पहिल्या ओळीपासून बरोबर वाहून आणणे पुरे होते.

हे ऐकून आमचे गृहस्थ काही वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी जे म्हटले ते आम्हांसही सुचले नव्हते. "सर, तो १.७७ चा आकडा पाहूनच मला शंका आली असती. पाणी लिटरला एक किलो. तेल पाण्यावर तरंगते. लिटरला पावणेदोन किलोहून जास्त भरणारे तेल पाण्याच्या तळाशी गेले असते." ते अगदी खरे बोलले. विमानाचे इंधनही रॉकेलच्याच जातीचे, पाण्यावर तरंगणारे. एककासहित आकडा वाचण्याची सवय असली म्हणजे तो आकडा डोळ्यांपुढे वस्तू होऊन उभा राहतो, आणि मग ती वस्तू जगात असू शकते की नाही, हे पाहता येते. नुसता १.७७ कोणालाच काही सांगत नाही. "लिटरला १.७७ किलोग्रॅम" असे म्हटले की तेलाचा व्यापारी ताबडतोब मान हालवितो.

हीच रीत मुलाच्या उत्तरपत्रिकेस लावून पाहावी, म्हणून आम्ही त्याला बोलावून घेतले आणि वडिलांसमोरच फळ्यावर पुन्हा तेच उदाहरण करावयास सांगितले. अट एकच घातली की कोणताही आकडा एककावाचून लिहावयाचा नाही. त्याने लिहिले:

½ × १,२०० किलोग्रॅम × ५४ किलोमीटर/तास × ५४ किलोमीटर/तास.

गुणाकार केल्यावर त्याच्यापुढे किलोग्रॅम, किलोमीटरचा वर्ग आणि खाली तासाचा वर्ग अशी एकके राहिली. आम्ही विचारले, "याला ज्यूल म्हणावयाचे काय?" तो थांबला. ज्यूलमध्ये मीटर आणि सेकंद लागतात, हे त्याला पाठ होते. मग त्याने न सांगताच वर जाऊन ५४ किलोमीटर/तास खोडले आणि लिहिले:

५४ × १,००० मीटर ÷ ३,६०० सेकंद = १५ मीटर/सेकंद.

पुढे ½ × १,२०० × २२५ = १,३५,०००, आणि एकके किलोग्रॅम × मीटर² ÷ सेकंद², म्हणजेच ज्यूल. या वेळी ते नाव त्याने आठवणीने चिकटविलेले नव्हते. ते हिशेबातून आपल्या पायांनी चालत आले होते.

मग आम्ही त्याला विचारले की परीक्षेत ज्यूल का लिहिले. त्याने जे उत्तर दिले त्याने आमचीच मान खाली गेली. तो म्हणाला, "सर, आपणच सांगता की शेवटी एकक लिहावयास विसरू नका. ऊर्जा आली म्हणजे ज्यूल लिहावयाचे, असे मी पाठ केले होते." दोष पुष्कळसा आमचा होता. "शेवटी एकक लिहा" हा उपदेश आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो, आणि मुलांनी तो अक्षरशः पाळला. त्यामुळे एकक हे पत्राखालच्या सहीसारखे होऊन बसले. मजकूर कोणताही असो, सही ठरलेली. त्या दिवसापासून आम्ही वर्गात "शेवटी" हा शब्द वगळला आहे. आता आम्ही "पहिल्या ओळीपासून" असे म्हणतो.

येथे एक सावधगिरीची सूचना दिल्याविना हा विषय पुरा होणार नाही. एकके जुळली म्हणजे उत्तर बरोबरच आले, असे मात्र समजू नये. या उदाहरणात एखाद्याने सूत्रातला अर्धा विसरून १,२०० किलोग्रॅम × २२५ मीटर²/सेकंद² केले, तर २,७०,००० ज्यूल येतील. एकक निर्दोष आणि उत्तर चूक! कारण ½ या संख्येस एकक नाही, आणि म्हणून ती गळाली तर एककांस त्याचा पत्ता लागत नाही. एककांची तपासणी ही दारावरच्या पहारेकऱ्यासारखी आहे. परक्या वेषात आलेल्यास तो अडवितो. घरच्याच वेषात आलेल्या चोरास तो ओळखील असे नाही. म्हणून एकके जुळूनही आलेला आकडा व्यवहाराशी ताडून पाहण्याचे काम उरतेच. पण एकके जुळली नाहीत तर उत्तर खचित चूक आहे; तेथे दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

पालकांस आमची एक विनंती आहे. घरी मुलाची उत्तरपत्रिका पाहताना गुणाकार तपासण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. प्रश्नात दिलेल्या राशी कोणत्या एककांत आहेत, आणि उत्तराच्या एककास कोणती एकके लागतात. किलोमीटर व तास दिले असून उत्तर ज्यूलमध्ये किंवा न्यूटनमध्ये असेल, ग्रॅम दिले असून उत्तर किलोग्रॅमचे असेल, मिनिटे दिली असून उत्तरात सेकंद असतील, तर मधल्या कोणत्या ओळीत रूपांतर झाले ते बोट ठेवून दाखविण्यास मुलास सांगावे. ती ओळ सापडली नाही तर गुण का गेले, हे आमच्यापर्यंत न येताही कळेल. आणि ती ओळ सापडूनही आम्ही फुली मारलेली असेल, तर अवश्य यावे. त्या दुसऱ्या मुलाप्रमाणे चूक आमची असण्याचा संभव आहे, आणि ती सुधारण्यास आम्हांस लाज वाटणार नाही.

त्या गृहस्थांच्या मुलाचे गुण आम्ही वाढविले नाहीत, आणि त्यांनीही तसा आग्रह धरला नाही. जाताना त्यांनी उत्तरपत्रिका घडी करून मुलाच्या हाती दिली व म्हणाले, "उद्यापासून सकाळी तासभर दुकानात बैस. गिऱ्हाईक आकडा सांगेल; कशाचा आकडा, हे विचारणे तुझे काम." पदार्थविज्ञानाचा हा धडा आम्हांस इतक्या थोड्या शब्दांत सांगता आला नसता.